एका तासाचा भाव

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरात, ड्यूपाँ कंपनीचा निओप्रीन या कृत्रिम रबराचा कारखाना होता. या रबराच्या प्रक्रियेत मधल्या टप्प्यावर तयार होणारा एक पदार्थ आपोआप स्फोट पावणारा. त्यामुळे प्लान्ट चालू असताना दुरुस्तीला जवळपास हात लावता येत नसे. जे काही करायचे ते सगळे प्लान्ट बंद करून. नळ्या उघडणे, टाक्या धुणे, झडपा बदलणे, पंप काढून दुरुस्त करणे, अशी शेकडो कामे एकाच शटडाउनमध्ये उरकावी लागत आणि एका शटडाउनला सरासरी 125 तास जात. 1959 मध्ये नव्या पद्धतीने आखणी केल्यावर ते 93 तासांवर आले.  कोणते काम थांबले तर सगळे थांबते आणि कोणते थांबले तरी काही बिघडत नाही, हे आता आधीच कळत होते.

या पद्धतीला आज सगळे इंजिनिअर क्रिटिकल पाथ मेथड म्हणतात, आणि बहुतेकांना ती बाणांचे जाळे काढून पुढून मागे नि मागून पुढे बेरजा-वजाबाक्या करण्याची रीत म्हणून शिकवली जाते. ती जन्माला आली तेव्हा तिचे रूप निराळे होते. ती एक लिनियर प्रोग्रॅम होती. प्रत्येक टप्प्याची वेळ हा तिच्यातला अज्ञात होता, आणि तिने सोडवायचा प्रश्न पैशांचा होता. प्रकल्प एक तास लवकर संपवायचा तर तो तास किती डॉलरला पडतो, हे तिला सांगायचे होते. ती मूळ मांडणी आज फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

ड्यूपाँचा इंजिनिअरिंग विभाग 1956 च्या अखेरीस एका साध्या प्रश्नाशी झगडत होता. कंपनीने युनिव्हॅक संगणक घेतला होता. नवे कारखाने उभारण्याच्या कामात त्याचा काय उपयोग होईल? हा शोध मॉर्गन वॉकर यांच्याकडे आला. कारखाना ठरल्या वेळेआधी हवा असेल तेव्हा रूढ रीत सरसकट ओव्हरटाइम लावण्याची होती. खर्च भरमसाट वाढे आणि तारीख जेमतेम हले. वॉकर यांना वाटत होते की थोडीच कामे निवडून त्यांच्यावर पैसा टाकला तर वेळ तितकाच वाचेल. ती कामे निवडायची कशी, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

1957 मध्ये युनिव्हॅक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीने जेम्स केली या तरुण गणितज्ञाला या कामावर दिले. तिथे केली ज्यांच्या हाताखाली होते ते जॉन मॉक्ली म्हणजे एनिॲक संगणकाचे एक जनक. केली यांचा अभ्यास लिनियर प्रोग्रॅमिंगचा. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत मांडली होती, म्हणजे ही विद्या तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. वॉकर यांचे म्हणणे ऐकून केली यांनी ते तिच्याच भाषेत लिहिले.

ती भाषा समजण्यासाठी एक लहान, मनाने रचलेला शटडाउन घेऊ. त्यात सहा टप्पे आहेत. पहिला म्हणजे प्लान्ट बंद झाला, सहावा म्हणजे प्लान्ट पुन्हा चालू झाला. थंड करून रिकामे करायला 10 तास लागतात आणि आपण दुसऱ्या टप्प्यावर पोचतो. तिथून रिॲक्टर उघडून धुवायला 30 तास, म्हणजे तिसरा टप्पा. दुसऱ्याच टप्प्यापासून पंप काढून वर्कशॉपमध्ये दुरुस्त करायला 24 तास. पंप बसवायला तयार असणे हा चौथा टप्पा, पण रिॲक्टर धुऊन झाल्याशिवाय पंप जागेवर नेता येत नाही. म्हणून तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत शून्य तासांचा एक बाण काढावा लागतो. त्यात काम काही नसते, फक्त आधी काय आणि मग काय हा क्रम असतो. रिॲक्टर तपासून बंद करायला 20 तास, पंप बसवायला 14 तास, आणि दोन्ही झाले की पाचवा टप्पा. शेवटी दाब-चाचणी घेऊन प्लान्ट सुरू करायला 12 तास.

प्रत्येक टप्प्याच्या वेळेला t1 ते t6 अशी नावे दिली की सगळी माहिती अशी लिहिता येते:

```
minimize  t6 - t1
t2 - t1 >= 10
t3 - t2 >= 30
t4 - t2 >= 24
t4 - t3 >= 0
t5 - t3 >= 20
t5 - t4 >= 14
t6 - t5 >= 12
```

एका कामाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत दोनच अज्ञात, एक अधिक चिन्हाचा आणि एक उणे चिन्हाचा. ओळ एवढेच सांगते की कामाचा शेवट त्याच्या सुरुवातीनंतर निदान इतक्या तासांनी आहे. लांब वाट, छोटी वाट असा शब्दही यात कुठे आलेला नाही. आपण तर सर्वांत कमी वेळ शोधतो आहोत. मग याला सर्वांत लांब वाटेचा प्रश्न का म्हणतात?

पहिली, दुसरी, पाचवी आणि सातवी ओळ घेऊन त्यांची बेरीज करा. डावीकडे t2 एकदा अधिक आणि एकदा उणे येतो, तो जातो. t3 आणि t5 चेही तसेच. उरते t6 - t1 >= 72. जाळ्यातल्या पहिल्या टप्प्यापासून शेवटच्यापर्यंतच्या कोणत्याही वाटेवरच्या ओळी अशा बेरजेला घेतल्या तर मधले सगळे अज्ञात पुसले जातात आणि त्या वाटेची लांबी ही एकूण वेळेची खालची मर्यादा ठरते. पंपाच्या वाटेने गेलात तर 60 मिळतात, शून्याच्या बाणावरून गेलात तर 66. या मर्यादांपैकी सर्वांत कडक ती सर्वांत लांब वाटेची. आणि 72 तासांत बसणारे वेळापत्रक खरोखर करता येते: 0, 10, 40, 40, 60, 72. वेळ 72 च्या खाली जाऊ शकत नाही, आणि 72 गाठता येतो. विषय तिथे संपतो. कमीत कमी वेळ आणि सर्वांत लांब वाट ही एकाच प्रश्नाची दोन तोंडे आहेत. गणितात दुसऱ्या तोंडाला पहिल्याचा ड्युअल म्हणतात.

ड्युअलमध्ये प्रत्येक ओळीला एक गुणक मिळतो. मधले टप्पे पुसले जावेत म्हणून प्रत्येक टप्प्यावर जितके आत येते तितकेच बाहेर जायला हवे. जणू एक वाटसरू पहिल्या टप्प्यावरून निघाला आहे आणि शेवटच्यापर्यंत पोचताना सर्वांत लांब रस्ता धरतो आहे. तो ज्या बाणांवरून जातो त्यांचा गुणक 1, बाकीच्यांचा 0. हा 1 म्हणजे भाव आहे: ते काम एक तासाने लांबले तर प्रकल्प एक तासाने लांबेल. रिॲक्टर धुण्याचा भाव 1, पंप दुरुस्तीचा 0. वॉकर यांना हवी असलेली निवड इथे आयती हाती येते.

या मांडणीत एक सापळा आहे, आणि संगणकावर ती सोडवणारे त्यात हमखास अडकतात. चौथ्या टप्प्याची वेळ t4 किती? वर आपण 40 लिहिली, पण 46 लिहिली तरी सगळ्या ओळी पाळल्या जातात आणि एकूण वेळ 72 च राहतो. लिनियर प्रोग्रॅमला फक्त t6 ची फिकीर आहे. t4 कुठे ठेवायचा हे त्याच्या दृष्टीने सारखेच, आणि सॉफ्टवेअर बहुधा कुठल्यातरी एका टोकाला जाऊन थांबते. ते 46 वर थांबले तर पंप बसवण्याच्या ओळीत काहीच ढील उरत नाही: 60 उणे 46 बरोबर 14. पाहणाऱ्याला वाटते की पंप बसवणे क्रिटिकल आहे. प्रत्यक्षात त्या कामाला 6 तासांची सवड आहे. ओळीतली ढील म्हणजे कामाची सवड, म्हणजे इंजिनिअर जिला फ्लोट म्हणतात ती नव्हे, हे इथे दिसते. खरी सवड काढायची तर एकूण वेळ 72 वर बांधून प्रत्येक टप्प्याची वेळ एकदा शक्य तितकी लवकर आणि एकदा शक्य तितकी उशिरा ओढून पाहावी लागते. दोन्ही उत्तरे एक आली तर तो टप्पा अडकलेला आहे. t3 दोन्ही वेळा 40 येतो, t4 मात्र 40 आणि 46 यांच्यामध्ये मोकळा आहे. जाळ्यावर पुढून मागे आणि मागून पुढे करायच्या त्या प्रसिद्ध बेरजा-वजाबाक्या नेमके हेच करतात.

दुसरी चूक जाळे काढतानाच होते. अ नंतर ब, ब नंतर क, आणि अनवधानाने क नंतर अ. त्या वर्तुळातल्या ओळींची बेरीज केली की डावीकडचे सगळेच पुसले जाते आणि शून्य हे काही तासांपेक्षा मोठे असल्याचे विधान उरते. संगणक फक्त उत्तर अशक्य आहे एवढेच सांगतो, चूक कुठे आहे ते सांगत नाही. प्रत्येक बाण लहान क्रमांकाच्या टप्प्याकडून मोठ्याकडेच जाईल असे क्रमांक देण्याची शिस्त जुन्या लोकांनी पाळली ती याचसाठी. असे क्रमांक देता येईनात तर वर्तुळ आहे, आणि जिथे देणे अडते तिथेच ते आहे.

इथवर जे झाले त्यासाठी युनिव्हॅकची गरज नव्हती. केली आणि वॉकर यांचा खरा प्रश्न यापुढचा होता. काम किती तासांचे हे त्यांच्या मते ठरीव नव्हते. नेहमीच्या वेगाने केले तर एक वेळ आणि एक खर्च, घाईने केले तर कमी वेळ आणि जास्त खर्च. या दोन टोकांमध्ये त्यांनी सरळ रेषा धरली. म्हणजे प्रत्येक कामाचा कालावधी हाही अज्ञात झाला, त्याला वरची आणि खालची मर्यादा आली, आणि वाचवलेल्या प्रत्येक तासाला एक दर आला. आता एकूण वेळ ठरवून द्या आणि कमीत कमी खर्च विचारा. मग वेळ हळूहळू कमी करत जा आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा विचारा.

आपल्या शटडाउनवर हे करून पाहू. समजा रिॲक्टर बंद करण्याचे काम 20 वरून 12 तासांपर्यंत आणता येते, तासाला 40 डॉलर देऊन. धुण्याचे काम 30 वरून 20 पर्यंत, तासाला 60. पंपाची दुरुस्ती 24 वरून 16 पर्यंत आणि बसवणे 14 वरून 10 पर्यंत, दोन्ही तासाला 30. दाब-चाचणी 12 वरून 10 पर्यंत, तासाला 100. थंड करण्याला घाई चालत नाही.

पहिला तास कोणाकडून घ्यायचा? सर्वांत स्वस्त पंपाची कामे, पण त्यांचा भाव शून्य आहे, तिथे पैसा टाकून काही मिळत नाही. क्रिटिकल कामांत स्वस्त ते रिॲक्टर बंद करणे. तिथून 6 तास काढले की वेळ 66 वर येतो, आणि इथे चित्र पालटते. शून्याच्या बाणावरून जाणारी वाटही आता 66 ची झाली. दोन वाटा एकदम क्रिटिकल आहेत. आता रिॲक्टर बंद करणे आणखी एका तासाने आटोपले तरी प्रकल्प तसूभरही हलत नाही. दोन्ही वाटा एकदम कापायच्या तर रिॲक्टर बंद करणे आणि पंप बसवणे दोन्ही आटोपावे लागतील, 40 अधिक 30 म्हणजे 70 डॉलर. दोन्ही वाटा ज्यावरून जातात ते धुण्याचे काम एकटेच 60 ला मिळते. म्हणून पुढचे 6 तास तिथून. वेळ 60 वर येतो आणि पंप दुरुस्तीची तिसरी वाटही क्रिटिकल होते. आता धुण्याच्या कामाबरोबर पंपाची दुरुस्तीही कापावी लागेल, म्हणजे 90. त्यापेक्षा मघाचे 70 स्वस्त. तिथून दोन तास मिळतात आणि मग रिॲक्टर बंद करण्याच्या कामाची मर्यादा संपते.

तासाचा भाव 40, मग 60, मग 70 असा चढत जातो. पुढे 90 आणि 100 येतात आणि 52 तासांवर सगळे संपते, एकूण 1300 डॉलरमध्ये. सरसकट ओव्हरटाइम लावून पाचही कामे पूर्ण घाईने केली असती तरी वेळ 52 च आला असता आणि खर्च 1480 झाला असता. वरचे 180 डॉलर कोणाचाही एक तास न वाचवता गेले असते. वॉकर यांना जे वाटत होते ते हेच.

ड्युअलच्या बाजूने पाहिले तर केली यांच्या हाती काय लागले ते उमगते. मघाचा एकटा वाटसरू जाऊन आता जाळ्यातून प्रवाह वाहतो, आणि जे काम अजून कापता येते त्यातून त्याच्या दराइतकाच प्रवाह मावतो. वेळ 60 च्या खाली नेताना प्रवाह 70 आहे. त्यातला 60 धुण्याच्या कामातून जातो, 10 पंप दुरुस्तीतून. तिसऱ्या टप्प्यावर 60 चे दोन भाग होतात: 40 रिॲक्टर बंद करण्याकडे, 20 शून्याच्या बाणावरून पंपाकडे. चौथ्या टप्प्यावर 20 आणि 10 मिळून 30, जो पंप बसवण्याच्या दराइतका आहे. म्हणजे पाचव्या टप्प्यावर पुन्हा 70. प्रवाह जिथे तुंबतो ती कामे कापायची, आणि प्रवाहाचा आकडा हाच तासाचा भाव. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हा आहे. कारखान्याच्या दुरुस्तीचा प्रश्न पाण्याच्या वहनाचा प्रश्न झाला, आणि तो सोडवण्याची रीत सिम्प्लेक्सपेक्षा कितीतरी हलकी निघाली.

हलकी असणे गरजेचे होते. युनिव्हॅकची आतली स्मृती एक हजार शब्दांची, पाऱ्याच्या नळ्यांमध्ये ध्वनिलहरींच्या रूपात साठवलेली. शेकडो कामांचा लिनियर प्रोग्रॅम सिम्प्लेक्सने त्यात कोंबणे हे दिवास्वप्न ठरले असते. इकडे सांता मोनिका इथल्या रँड संस्थेत लेस्टर फोर्ड आणि रे फुल्करसन यांनी जाळ्यातल्या जास्तीत जास्त प्रवाहाचा प्रश्न 1956 मध्ये सोडवला होता. प्रकल्पाच्या खर्चाच्या वक्रासाठी तीच वाट फुल्करसन यांनी स्वतंत्रपणे काढली. केली यांचा गणिती लेख आणि फुल्करसन यांचा लेख दोन्ही 1961 मध्ये छापून आले, दोन वेगळ्या नियतकालिकांत.

दरम्यान अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कार्यालयात 1958 मध्ये पर्ट नावाची पद्धत तयार झाली होती. तीही बाणांच्या जाळ्यावर उभी होती, पण तिला खर्चाशी कर्तव्य नव्हते. एखादे काम किती लांबेल याची अनिश्चितता हा तिचा विषय. क्रिटिकल पाथ हे नावसुद्धा तिकडचे. ड्यूपाँमध्ये त्याला मुख्य साखळी म्हणत. दोन्ही पद्धती लोकांच्या मनात पुढे एक झाल्या, आणि त्या मिसळणीत खर्चाचा भाग मागे पडला.

तो मागे पडण्याचे याहून मोठे कारण कारखान्याच्या आवारातच होते. दोन टोकांचा वेळ आणि दोन टोकांचा खर्च, असे चार आकडे प्रत्येक कामासाठी हवेत. नेहमीचा वेळ आणि नेहमीचा खर्च फोरमन सांगू शकतो. घाईचे आकडे मात्र कोणीच कधी मोजलेले नसतात, ते अंदाजाने येतात. सरळ रेषेची कल्पनाही ताणून धरलेली आहे. दुसरी पाळी लावायची की नाही हा प्रश्न असतो, पाऊण पाळी लावता येत नाही. हो किंवा नाही असा निर्णय आला की प्रवाहाची सोपी रीत मोडते आणि प्रश्न फार अवघड होतो. शिवाय रिॲक्टर बंद करणारे आणि पंप बसवणारे फिटर तेच असतील तर दोन्ही कामे एकदम घाईने करता येत नाहीत, आणि वरच्या ओळींत माणसांचा कुठेच उल्लेख नाही.

क्रिटिकल कामांच्या भावाचीही एक मर्यादा आहे, जी आजही चुकवते. वर वेळ 66 झाला तेव्हा दोन वाटा सारख्या होत्या. त्या क्षणी सॉफ्टवेअर ड्युअलचे एकच उत्तर देते, समजा रिॲक्टर बंद करण्याचा भाव 1 आणि पंप बसवण्याचा 0. पहिल्या आकड्यावर विसंबून ते काम आटोपले तर हाती काहीच लागत नाही. दुसऱ्यावर विसंबून पंपाचे काम एका तासाने लांबू दिले तर प्रकल्प 67 वर जातो. वाटा सारख्या झाल्या की काम कमी करण्याचा भाव एक असतो आणि वाढवण्याचा वेगळा, पण छापलेल्या रकान्यात एकच आकडा येतो. म्हणून भाव वाचताना तो किती तासांपर्यंत लागू आहे हेही पाहावे लागते, आणि तो पल्ला शून्य तासांचा असेल तर प्रश्न एका तासाने बदलून पुन्हा सोडवणे हाच भरवशाचा मार्ग.

लुइव्हिलच्या 32 तासांच्या बचतीतला मोठा वाटा तासांच्या दरांमुळे आला नव्हता. तो आला कामांचा क्रम पहिल्यांदाच नीट कागदावर उतरल्यामुळे. 1959 च्या डिसेंबरात बॉस्टनमधल्या संगणक परिषदेत केली आणि वॉकर यांनी ही हकिगत मांडली, आणि त्याच सुमारास केली हे मॉक्ली यांनी काढलेल्या सल्लागार कंपनीत गेले. तिथे त्यांनी ठेकेदारांना आणि कारखान्यांना जाळे काढायला शिकवले. 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फाँडाल यांनी संगणकाशिवाय, हाताने ही गणिते करण्याची रीत बांधकामवाल्यांसाठी लिहिली, आणि ती झपाट्याने पसरली. रोजच्या वापरात रुळला तो भाग मुख्यतः टप्प्यांच्या वेळांचा होता. तासाच्या भावाचा भाग मागे राहिला, आणि आज तो मुख्यतः तिथेच वापरला जातो जिथे बंद राहिलेल्या प्रत्येक तासाचे नुकसान आधीच मोजलेले असते: रिफायनरी, वीज केंद्र, खताचा कारखाना. तिथे नुकसानीचा आकडा चढत जाणाऱ्या भावाशेजारी मांडतात. आपल्या प्लान्टला बंद राहण्याचे तासाला 65 डॉलर पडत असतील तर 60 तासांवर थांबायचे. 80 पडत असतील तर 58 वर.